चौकटी सापडल्या, रेघांचं काय?

तालुक्याच्या गावातलं एक सार्वजनिक वाचनालय डोळ्यांसमोर आणू. ‘ब’ वर्ग, सरकारी अनुदान, आणि पंधरा-सोळा वर्षांपूर्वी कुणीतरी करून दिलेलं देवघेवीचं सॉफ्टवेअर. ते आजही चालतं. करून देणारा मात्र केव्हाच गाव सोडून गेला. आता नवं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरतं. जुनी माहिती त्यात ओतायची म्हणून आलेला तरुण पहिलाच प्रश्न टाकतो, ‘डायग्राम आहे का?’

शोधाशोध होते. जुन्या सीडीवर वर्डची एक फाइल सापडते. तिच्यात ‘आकृती ३.२ : माहितीची रचना’ असं शीर्षक आहे, आणि त्याच्या वर एक रिकामी चौकट, कोपऱ्यात लाल फुली. चित्र फाइलीत घातलेलंच नव्हतं, फक्त त्याचा पत्ता दिला होता. तो पत्ता होता त्या माणसाच्या तेव्हाच्या संगणकातल्या एका फोल्डरचा. चित्राच्या खालचा मजकूर मात्र शाबूत आहे: ‘वरील आकृतीत दाखवल्याप्रमाणे एका सभासदास एका वेळी दोन पुस्तके देता येतात.’

अशा वेळी बहुतेक जण पुन्हा चित्र काढायला बसतात. माझ्या मते ती घाई आहे. आधी चित्रातल्या चौकटी आणि त्यांची एकमेकांशी असलेली नाती साध्या वाक्यांत, एकाखाली एक लिहून काढावीत. कारण चित्रात रेघ ओढताना तिचा पूर्ण अर्थ ठरवला नाही तरी चालून जातं, पण वाक्य लिहिताना कर्ता, क्रियापद आणि ‘किती’ ठरवल्याशिवाय पूर्णविराम देता येत नाही. शिवाय वाक्य खरं की खोटं ते तपासता येतं.

या चित्रांचा इतिहास थोडक्यात सांगायचा तर पीटर चेन यांनी मार्च १९७६ मध्ये एका शोधनिबंधात ही पद्धत मांडली. नोंद ठेवायच्या वस्तूसाठी चौकोन, दोन वस्तूंमधल्या नात्यासाठी शंकरपाळ्यासारखा चौकोन, आणि जोडणाऱ्या रेघांवर एक की अनेक ते सांगणारी अक्षरं. त्याच सुमारास गॉर्डन एव्हरेस्ट यांनी ‘अनेक’ दाखवायला रेघेच्या टोकाला तीन फाटे काढले; कावळ्याच्या पायासारखं दिसतं म्हणून तेच नाव पडलं. ओळखीची क्लास डायग्राम ही याच कुळातली. तिची चिन्हं १९९७ मध्ये यूएमएल या नावाने प्रमाण ठरली. चिन्हं बदलली तरी रेघ जे सांगते ते सारखंच: या चौकटीतल्या एकामागे त्या चौकटीत कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती, आणि हेच उलट दिशेने. एका रेघेत असे चार आकडे असतात.

आपल्या वाचनालयात चित्र गेलं, तरी डेटाबेस जिवंत आहे. तो उघडला की टेबलांची यादी समोर येते: `BOOKMAST`, `ACCMAST`, `AUTHMAST`, `BKAUTH`, `MEMMAST`, `ISSUE`, `RECEIPT`. म्हणजे चौकटी सापडल्या. रेघाही सापडायला हव्या होत्या, कारण एका टेबलातला रकाना दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवतो हे डेटाबेसला सांगून ठेवता येतं. पण जुन्या मायएसक्यूएलमध्ये एक गंमत होती. २०१० मध्ये ५.५ ही आवृत्ती येईपर्यंत टेबल आपसूक मायआयसॅम या प्रकारात साठवली जात. असं नातं जाहीर करणारी ओळ मायआयसॅम मुकाट्याने वाचून घेई, तक्रार करत नसे, आणि सोडून देई. करणाऱ्याने नाती लिहिली असतील, तरी त्यांचा मागमूस राहत नाही. म्हणून इथे चौकटी आयत्या मिळतात आणि रेघा एकेक करून शोधाव्या लागतात.

पण आयत्या मिळालेल्या चौकटींवरही लगेच विश्वास टाकू नये. प्रत्येकीला एकच प्रश्न विचारायचा: यातली एक ओळ म्हणजे प्रत्यक्षात काय?

`BOOKMAST` उघडलं तर एका ओळीत पुस्तकाचं नाव, प्रकाशक, विषय आणि किंमत दिसते. `ACCMAST` मध्ये दाखल क्रमांक, दाखल तारीख, कपाट क्रमांक. वाचनालयात काम केलेल्या माणसाला हे लगेच कळतं. एखाद्या गाजलेल्या कादंबरीच्या तीन प्रती घेतल्या तर पुस्तक एक आणि दाखल क्रमांक तीन. वाचक घरी नेतो ती प्रत, वाचून झालं म्हणतो ते पुस्तक. म्हणून यादीत ‘बुकमास्ट म्हणजे पुस्तकं’ एवढं लिहून भागत नाही. ‘बुकमास्टची एक ओळ म्हणजे एक ग्रंथ, मग त्याच्या प्रती कितीही असोत, अ‍ॅकमास्टची एक ओळ म्हणजे कपाटातली एक प्रत, ओळख दाखल क्रमांकाने’ असं लिहावं लागतं. हे वाक्य नीट पडलं की पुढच्या निम्म्या रेघा सोप्या होतात.

`MEMMAST` ला तोच प्रश्न विचारला तर उत्तर एवढं सरळ येत नाही. एक ओळ म्हणजे एक माणूस, असं वाटतं. पण वर्गणी थकून सभासदत्व रद्द झालेला माणूस चार वर्षांनी परत आला, तर त्याला जुना क्रमांक मिळतो की नवा? टेबलात एकच नाव, एकच पत्ता आणि दोन क्रमांक सापडले, तर एक ओळ म्हणजे माणूस नव्हे, एक सभासदत्व. हा फरक नंतर नडतो. ‘या माणसाकडे किती पुस्तकं आहेत’ हा प्रश्न या रचनेला विचारताच येत नाही. ‘या सभासद क्रमांकावर किती’ एवढंच विचारता येतं.

आणि `BKAUTH`? त्यात दोनच रकाने: ग्रंथाचा क्रमांक आणि लेखकाचा क्रमांक. एक ओळ म्हणजे ‘या ग्रंथाचा हा एक लेखक’. दोघांनी मिळून लिहिलेल्या ग्रंथाच्या दोन ओळी. ही वस्तू नाहीच, हे नातं आहे. एका ग्रंथाचे अनेक लेखक आणि एका लेखकाचे अनेक ग्रंथ असले की ते साठवायला वेगळं टेबल लागतं, म्हणून ते जन्मलं. वर्डच्या फाइलीत ‘एकूण सहा घटक’ असं लिहिलेलं असेल आणि डेटाबेसमध्ये सात टेबलं दिसत असतील, तर गोंधळून जाण्याचं कारण नाही. चेन यांच्या रीतीने काढलेल्या चित्रात हे सातवं टेबल चौकोन नसून शंकरपाळ्याच्या जागी असणार.

आता रेघा. पहिला सुगावा रकान्यांच्या नावांत असतो. `ISSUE` मध्ये `ACCNO` आहे, `ACCMAST` मध्येही `ACCNO` आहे. तेव्हा एक वाक्य कच्चं लिहायचं: ‘प्रत्येक देवघेव एका प्रतीची असते.’ आणि लगेच ते मोडून पाहायचं. देवघेवीत नोंद आहे पण प्रतींच्या टेबलात नाही, असे दाखल क्रमांक मागायचे:

```
SELECT I.ACCNO
FROM ISSUE I
LEFT JOIN ACCMAST A ON A.ACCNO = I.ACCNO
WHERE A.ACCNO IS NULL;
```

उत्तर रिकामं आलं तर वाक्य तूर्त टिकलं. समजा चाळीसेक क्रमांक आले. म्हणजे अंदाज चुकला असं लगेच धरू नये. ते क्रमांक काय आहेत ते बघावं. काहींच्या आधी शून्यं असतील, `00412` आणि `412`, म्हणजे प्रत तीच, लिहिण्याची तऱ्हा वेगळी. राहिलेले दाखल नोंदवहीत शोधले तर त्यांच्यापुढे लाल शाईत ‘निर्लेखित’ लिहिलेलं सापडेल. फाटकी पुस्तकं रीतसर बाद केली, सॉफ्टवेअरमधून प्रतीची नोंद पुसली, आणि त्या प्रतीच्या जुन्या देवघेवी तशाच मागे राहिल्या. रेघ खरी आहे. फक्त तिच्या एका टोकाचा आकडा बदलतो: देवघेवीमागे प्रत ‘नेमकी एक’ नाही, ‘एक, किंवा निर्लेखनानंतर एकही नाही’. नवं सॉफ्टवेअर ‘नेमकी एक’ धरून बसलं, तर माहिती ओतताना याच चाळीस ओळींवर अडेल.

याच्या उलट प्रकार अधिक फसवा असतो. `BOOKMAST` मध्ये `CATCD` नावाचा रकाना आहे आणि `MEMMAST` मध्येही आहे. नावं जुळतात, तेव्हा रेघ ओढायचा मोह होतो. वरच्यासारखीच तपासणी केली तर एकही ओळ उघडी पडत नाही! कारण दोन्हींत १ ते ५ असे बारीक आकडे आहेत, आणि बारीक आकडे कशाशीही जुळतात. प्रत्यक्षात एकीकडे १ म्हणजे कादंबरी, २ म्हणजे नाटक. दुसरीकडे १ म्हणजे साधारण सभासद, २ म्हणजे आजीव. हे आकड्यांवरून कधीच कळणार नाही. त्यासाठी दोन्हीकडच्या दहा-बारा ओळी माणसांनी वाचतात तशा वाचाव्या लागतात. बालवाचकांचे सगळे सभासद ‘चरित्र’ या प्रकारात बसलेले दिसले, की रेघ खोटी हे ध्यानात येतं. माझा अनुभव असा की पाचआकडी दाखल क्रमांक जुळले तर ती साक्ष भक्कम असते, एकआकडी संकेतांक जुळले तर साक्षच नसते.

रेघ ठरली की उरतो जास्तीत जास्त किती हा आकडा. एक प्रत एका वेळी एकाच सभासदाकडे असणार, हे आपल्याला उघड वाटतं. तरी विचारावं:

```
SELECT ACCNO, COUNT(*)
FROM ISSUE
WHERE RETDT IS NULL
GROUP BY ACCNO
HAVING COUNT(*) > 1;
```

म्हणजे परतीची तारीख रिकामी असलेल्या, अजून बाहेर असलेल्या प्रतींपैकी दोनदा दिलेल्या कोणत्या. (जुन्या सॉफ्टवेअरने तारीख रिकामी कशी ठेवली आहे ते आधी पाहून घ्यावं, काहींनी तिथे १९०० सालातली तारीख भरून ठेवलेली असते, मग हा प्रश्न काहीच परत देत नाही आणि सगळं आलबेल वाटतं.) सात-आठ प्रती दोनदा बाहेर दिसल्या तर? कागदी पुस्तक दोन घरांत असू शकत नाही. मग हा सॉफ्टवेअरचा ढिसाळपणा: परत आलेलं पुस्तक नोंदवायचं राहिलं, आणि दुसऱ्याला देताना त्याने अडवलं नाही. यादीत दोन्ही लिहायचं: ‘नियम असा: एका प्रतीची उघडी देवघेव जास्तीत जास्त एक. जुन्या माहितीत काही ठिकाणी दोन आढळतात.’

सभासदाच्या दोन पुस्तकांचं काय, हा त्याहून मजेशीर प्रश्न आहे. फाइल म्हणते दोन. डेटाबेस चाळला तर काही सभासदांकडे तीन, एकाकडे पाच. इथे संगणकाला विचारून उपयोग नाही, ग्रंथपालबाईंना विचारायचं.

‘बाई, दोनच पुस्तकं देता ना?’

‘दोनच. आजीव सभासदांना तीन.’

‘आणि हे पाचवाले?’

‘ते सर आहेत. त्यांचं पीएचडीचं काम चालू होतं, अध्यक्षांनी चिठ्ठी दिली होती.’

हे संभाषण कुठल्याही चित्रात आलं नसतं. त्यातून दिसतं ते असं की ‘दोन’ हा आकडा मुळात रेघेचा नव्हताच. तो सभासदाच्या प्रकाराचा गुण होता, आणि चिठ्ठीने बदलणारा होता. रेघेवर लिहायचं ते ‘एका सभासदाच्या देवघेवी शून्य ते कितीही’, आणि मर्यादा वेगळ्या ओळीत, नियम म्हणून.

अशा तपासणीची साक्ष एकाच बाजूने चालते, हे विसरू नये. ‘एका पावतीला एकच सभासद’ या वाक्याविरुद्ध एक ओळ सापडली की वाक्य पडलं. पण एकही ओळ सापडली नाही म्हणून ते नियम ठरत नाही. डेटाबेसमधल्या प्रत्येक ग्रंथाची किमान एक प्रत आहे. तर मग प्रत नसलेला ग्रंथ असू शकत नाही का? कदाचित मागणी नोंदवून पुस्तक यायची वाट पाहण्याची सोय आहे, पण ती कुणी वापरली नाही. कदाचित ग्रंथ आणि पहिली प्रत एकाच पडद्यावर भरावी लागते, म्हणून शून्य येऊच शकत नाही. नवीन पुस्तक भरण्याचा तो पडदा उघडून, दाखल क्रमांक कोरा ठेवून ‘जतन करा’ दाबलं, की मिनिटभरात उत्तर मिळतं. अर्थात हे मूळ डेटाबेसवर नाही, त्याच्या नकलेवर करायचं.

म्हणून प्रत्येक वाक्यापुढे ते कशावरून लिहिलं तेही टाकावं: फाइलीतल्या मजकुरावरून, टेबलाच्या रचनेवरून, भरलेल्या माहितीवरून, की कुणाच्या सांगण्यावरून. नाहीतर दोन वेगळ्या गोष्टी मिसळतात. हरवलेल्या आकृतीत करणाऱ्याच्या मनातली रचना होती. डेटाबेसमध्ये आहे ती वापरता वापरता झालेली. दोन्हींत फरक पडलेला असतोच. आकृती जशी होती तशी हवी, की आज जे आहे ते हवं, हे यादीच्या डोक्यावर लिहून टाकलेलं बरं. नव्या सॉफ्टवेअरसाठी दुसरं लागतं.

आपल्या वाचनालयाची यादी साधारण अशी उतरते:

ग्रंथ – प्रत: एका ग्रंथाच्या प्रती एक किंवा अनेक, प्रत्येक प्रत नेमक्या एका ग्रंथाची. (माहिती, ‘किमान एक’ हे पडद्यावरून)

ग्रंथ – लेखक: एका ग्रंथाचे लेखक शून्य ते अनेक, कारण संपादकाचं नाव नसलेले विशेषांक आहेत, एका लेखकाचे ग्रंथ एक ते अनेक. `BKAUTH` मधून. (रचना, माहिती)

प्रत – देवघेव: एका प्रतीच्या देवघेवी शून्य ते अनेक, त्यांतली उघडी जास्तीत जास्त एक, देवघेवीमागे प्रत एक, निर्लेखित असल्यास नाही. (माहिती, दाखल नोंदवही)

सभासद – देवघेव: एका सभासदाच्या शून्य ते अनेक, देवघेव नेमक्या एका सभासदाची. (माहिती)

सभासद – सभासद: एका सभासदाला ओळख देणारा सभासद शून्य किंवा एक, एकाने ओळख दिलेले शून्य ते अनेक. `REFNO` रकाना. (माहिती, ग्रंथपाल)

सभासद – पावती: एका सभासदाच्या शून्य ते अनेक, पावती नेमक्या एका सभासदाची. (माहिती)

यातली पाचवी ओळ बघा. सभासदाच्या टेबलातूनच निघून तिथेच परत येणारी रेघ. चित्रात ती कानासारखी चौकटीच्या बाजूला दिसते. टेबलांच्या जोड्या लावत बसलं की तीच सुटते, कारण जोडी लावताना आपण दोन वेगळी नावं शोधत असतो. वाक्यातही ती ‘सभासदाला सभासद असतो’ अशी हास्यास्पद होते. म्हणून इथे भूमिकेचं नाव लागतंच: ओळख देणारा आणि ओळख दिलेला.

यादी झाली की ती न पाहिलेल्या माणसाच्या हाती द्यावी आणि त्याला चित्र काढायला सांगावं. त्याने मध्येच थांबून ‘इथे कुणाकडून कुणाकडे?’ असं विचारलं, तर ती ओळ अर्धवट आहे. चित्र हातानेच काढायला हवं असंही नाही. मर्मेडसारख्या साधनांना हीच यादी त्यांच्या खुणांत लिहून दिली की ती चित्र काढून देतात:

```
erDiagram
  BOOKMAST ||--|{ ACCMAST : has
  ACCMAST |o--o{ ISSUE : lent_in
  MEMMAST ||--o{ ISSUE : borrows
  MEMMAST |o--o{ MEMMAST : introduces
```

उभी रेघ म्हणजे एक, गोल म्हणजे शून्य, महिरपी कंस म्हणजे अनेक. `|o` हे टोक पाहिलं की देवघेवीमागची प्रत नसूही शकते, ही निर्लेखनाची कथा दोन खुणांत आलेली दिसते. डोळ्यांनी न पाहू शकणाऱ्या प्रोग्रॅमरलाही चित्रापेक्षा वरची शब्दांतली यादीच वाचून घेता येते.

हरवलेली आकृती क्लास डायग्राम असती, तर काम थोडं वेगळं पडलं असतं. तिथे डेटाबेसऐवजी प्रोग्रॅम वाचायचा. कोण कुणाचा वारस आहे, हे प्रोग्रॅममध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं, ते बिनचूक मिळतं. मिळत नाही ते भरीव आणि पोकळ हिऱ्याचं चिन्ह. भरीव हिरा सांगतो की मालक गेला की अंग गेलं. पोकळ सांगतो की अंग नुसतं सोबतीला आहे. प्रोग्रॅममध्ये दोन्ही बहुधा सारखीच दिसतात. मालक पुसल्यावर अंगाचं काय केलं जातं, तेवढी एकच जागा शोधून पाहता येते; आणि ते कुठेच लिहिलेलं नसेल, तर यादीत हिरा न लिहिता नुसता ‘संबंध आहे’ असं लिहिणं प्रामाणिकपणाचं.

चित्रातली एक गोष्ट यादीत परत येत नाही, ती म्हणजे मांडणी. करणाऱ्याने सभासद आणि पावती डाव्या कोपऱ्यात जवळ ठेवली असतील, कारण त्याच्या मनात तो हिशेबाचा भाग होता आणि बाकीचा देवघेवीचा. तेवढं मात्र गेलं.

आणि पावतीचा एक प्रश्न राहतोच. `RECEIPT` मध्ये रक्कम आहे, सभासद आहे, पण ती वर्गणीची की अनामतीची की उशिराच्या दंडाची, ते सांगणारा रकाना नाही. दंडाची असेल, तर तिची रेघ एखाद्या देवघेवीला जायला हवी होती, आणि अशी रेघ कुठल्याही रकान्यातून निघत नाही. दंडाच्या दिवशी परत आलेली पुस्तकं आणि त्या दिवशीच्या पावत्या शेजारी लावून काही जोड्या जमतात, पण एकाच दिवशी दोन पुस्तकं परत केलेल्यांच्या जमत नाहीत. पावतीपुस्तकांची स्थळप्रत कपाटात आहे. तिच्यावर ‘दंड’ असं हाताने लिहिलेलं आहे आणि खाली दाखल क्रमांकही. ती ओळ यादीत सध्या ‘न ठरलेलं’ या मथळ्याखाली आहे, आणि स्थळप्रती चाळून होईपर्यंत तिथेच राहील.